श्वास घेताना आईची मान का ताठते?

*डॉक्टर, माझी आई ६३ वर्षांची आहे. विडी-तंबाखू कधीच नाही, पण तीस-पस्तीस वर्षं चुलीपुढे गेली. दोन वर्षांपूर्वी सीओपीडी हा फुफ्फुसांचा आजार सांगितला. पंप दिलाय, तो ती लागेल तसा घेते. हल्ली श्वास घेताना तिच्या मानेच्या शिरा टरटरून वर येतात, गळ्याखाली खड्डा पडतो. बसते ती खाटेच्या कडेला, हात गुडघ्यांवर टेकवून. देवळापर्यंत सावकाश चालत जाते, पण केस विंचरायला घेतले की धाप लागते. ऑक्सिमीटर ९३-९४ दाखवतो म्हणून आम्ही गप्प बसतो. फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाल्या, ‘ॲक्सेसरी मसल्स वापरतायत.’ मामा म्हणतो कपालभाती सुरू करा, फुफ्फुसं मोकळी होतील. हे नेमकं काय आहे आणि आम्ही घाबरायचं कधी?*
*— एक वाचक, कराड*

फिजिओथेरपिस्ट बाईंनी बरोबर हेरलंय, आणि कपालभाती तूर्त नको. ही दोन उत्तरं आधी देऊन टाकते, कारण पत्र वाचेपर्यंत मामांनी आईंना चटईवर बसवलेलं असायचं. ऑक्सिमीटरच्या भरवशावर गप्प बसणंही सोडा. आता कारणं सांगते.

तुम्ही ज्यांना शिरा म्हणताय त्या बहुधा शिरा नाहीत, स्नायू आहेत. आईंच्या शेजारी बसा. कानामागे जे टणक हाड लागतं तिथून निघून, मानेवरून तिरका खाली येत, छातीच्या मधल्या हाडाच्या आणि कॉलरबोनच्या टोकाला जाऊन मिळणारा एक जाड पट्टा दोन्ही बाजूंना दिसेल. त्यावर दोन बोटं हलकी ठेवा. श्वास आत घेताना तो बोटांखाली कडक होत असेल आणि सोडताना सैल पडत असेल, तर तो स्नायू. शीर असेल तर ती मऊ लागते, दाबली की दबते आणि श्वास सोडताना फुगते, म्हणजे बरोबर उलट. हा फरक कामाचा आहे. फुगलेली शीर श्वास आत घेतानाही ओसरत नसेल आणि जोडीला पावलांवर सूज असेल, तर हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण आलाय का हे बघावं लागतं. तसं काही दिसलं तर डॉक्टरांना वेगळं सांगा.

आता हा मानेचा स्नायू श्वासाच्या कामात कुठून आला? एरवी त्याचं काम मान वळवण्याचं. तुम्ही-मी शांत बसलेलो असताना श्वासाचा मोठा भार एकच स्नायू उचलतो, तो म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला घुमटासारखा पडदा, श्वासपटल. तो आकसला की घुमट सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर खाली उतरतो, छातीत जागा होते आणि अर्धा लिटर हवा आत येते. बरगड्यांमधले स्नायू त्याला साथ देतात. शांतपणे श्वास सोडायला तर निरोगी माणसाला काही करावं लागत नाही. ताणलेलं फुफ्फुस आपल्या लवचीकपणानेच मागे येतं. निरोगी माणूस आरामात असताना या सगळ्या उपद्‌व्यापाला शरीराच्या एकूण ऑक्सिजनपैकी पाच टक्क्यांहूनही कमी लागतो.

एवढ्यावर भागत नाही तेव्हा राखीव गडी बोलावले जातात, तेच बाईंचे ‘ॲक्सेसरी मसल्स’. मानेतला तो तिरका पट्टा डोकं स्थिर धरून छातीचं मधलं हाड वर उचलतो. त्याच्या मागे मानेच्या मणक्यांपासून पहिल्या दोन बरगड्यांपर्यंत गेलेले स्केलीन नावाचे स्नायू आहेत, ते त्या बरगड्या वर खेचतात. (स्केलीन शांत श्वासातही थोडंफार काम करतात, त्यामुळे त्यांना निव्वळ राखीव म्हणणं काटेकोरपणे बरोबर नाही.) छातीवरचे आणि काखेखालचे स्नायू, खांद्यावरचे स्नायू हेही गरज पडली तर येतात. जोर लावून श्वास बाहेर टाकायचा असेल, तर पोटाचे स्नायू आणि बरगड्यांमधल्या स्नायूंचा आतला थर कामाला लागतो. खोकताना, शिंकताना, फुगा फुगवताना आपण सगळेच त्यांना वापरतो.

म्हणजे हे स्नायू वापरले जाणं हा काही आजार नव्हे. सिंहगड धावत चढलेल्या पोराची मान बघा, तीही अशीच दिसेल, आणि वर बसून ताक पिऊन होईपर्यंत पूर्ववत होईल. प्रश्न आहे तो ती कधी दिसते याचा. काहीही न करता, खाटेवर बसल्या जागी मान काम करतेय, याचा अर्थ नेहमीचा श्वास घ्यायलाच आईंना चढ चढावा लागतोय. त्यांच्या छातीवर भार वाढलाय एवढं मान सांगते. भार कशाचा, हे ती सांगत नाही. दमा, न्यूमोनिया, फुफ्फुसाभोवती साठलेलं पाणी, हृदयाची कमजोरी, स्नायूंचे आजार, कशातही मान अशीच दिसू शकते. म्हणूनच सीओपीडी ठाऊक असलेल्या माणसाची मान अचानक जास्त चालू लागली, तर ‘नेहमीचंच आहे’ म्हणून सोडून द्यायचं नसतं.

आईंच्या बाबतीत श्वासपटल कमी का पडतंय, ते आता बघू. सीओपीडीत श्वासनलिका अरुंद होतात आणि बऱ्याच रुग्णांत फुफ्फुसाचा लवचीकपणाही जातो. हवा आत जाते, पण पुरती बाहेर येत नाही. दर श्वासामागे थोडी शिल्लक राहता राहता छाती कायमचीच फुगलेली राहते. अशा फुगलेल्या छातीखाली श्वासपटलाचा घुमट दबून सपाट होतो. स्नायू काम करतो तो आकसून, आणि जो आधीच आकसलेला आहे तो आणखी किती आकसणार? त्यातून तो सपाट झाला की त्याची ओढ खाली न लागता आत लागते. आईंच्या सगळ्यात खालच्या बरगड्यांच्या कडांवर दोन्ही तळहात ठेवून पाहा. निरोगी माणसात श्वास घेताना हात एकमेकांपासून लांब जातात. सीओपीडी बळावलेल्या माणसात ते जवळ येतात. आईंच्या बरगड्यांवर तुमचे हात जवळ येत असतील तर समजा, छाती रुंद करायचं काम श्वासपटलाच्या हातून गेलंय. ते आता वरच्या मजल्यावर, मान आणि खांद्यांकडे आलंय. गळ्याखालचा खड्डाही त्याच खटाटोपातून पडतो. छातीच्या आत ओढ इतकी जोराची असते की गळ्याच्या घळीतली, कॉलरबोनवरची मऊ जागा आत खेचली जाते.

म्हणून ‘मान सैल सोड, पोटाने श्वास घे’ असा धोशा त्यांच्यामागे लावू नका. योगाच्या आणि व्यायामाच्या वर्गात पोटाने श्वास घ्यायला सरसकट शिकवतात, निरोगी माणसाला ते चालतंही. पण ज्यांचं श्वासपटल सपाट झालंय त्यांना बळेच पोट फुगवायला लावलं, तर छाती आणि पोट यांचा मेळ बिघडतो आणि धाप कमी व्हायच्या ऐवजी वाढते, असा अनुभव आहे. मानेचे स्नायू हे आज त्यांचे आधाराचे गडी आहेत. भार हलका केला की ते आपोआप मागे हटतील. मालिश करून किंवा रागावून हटणार नाहीत.

खाटेच्या कडेला हात गुडघ्यांवर टेकून बसायचं आईंना कुणी शिकवलं नसणार. धाप लागणारी माणसं ते आपसूक शोधून काढतात. त्यात दोन फायदे आहेत. छातीवरचे मोठे स्नायू एका टोकाला दंडाच्या, खांद्याच्या हाडांना आणि दुसऱ्या टोकाला बरगड्यांना चिकटलेले असतात. एरवी बरगड्या स्थिर आणि हात हलतो. हात गुडघ्यावर घट्ट रोवला की तेच स्नायू उलट्या बाजूने ओढतात, म्हणजे हात स्थिर राहतो आणि बरगड्या वर उचलल्या जातात. दुसरं म्हणजे पुढे वाकल्यावर पोटातला ऐवज श्वासपटलाला खालून वर ढकलतो, त्यामुळे सपाट पडलेला घुमट थोडा परत येतो आणि त्याला आकसायला वाव मिळतो. त्यांना ‘सरळ बस, पाठीला पोक येईल’ असं कुणी म्हणत असेल तर त्याला थांबवा.

केसांचं कोडं इथेच सुटतं. सावकाश चालताना हात मोकळे लोंबतात आणि श्वासाला लागणारे खांद्याचे-मानेचे स्नायू श्वासाकडेच राहतात. केस विंचरायला हात डोक्यावर गेले की त्याच स्नायूंना हात तोलून धरायचा असतो. दोन्ही कामं एकदम होत नाहीत, मग श्वासाचा गडी कमी पडतो आणि उरलेला भार त्या दमलेल्या श्वासपटलावर येतो. दोरीवर कपडे वाळत घालणं, फळीवरचा डबा काढणं, डोक्यावरून पाणी घेणं, पदर खांद्यावर नीट करणं, या सगळ्यांत हेच घडतं. घरच्यांना वाटतं, देवळात जाता येतं आणि कपडे वाळत घालायचे म्हटलं की धाप लागते, हे नाटक आहे. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायकांनी हा टोमणा ऐकलेला असतो. ते नाटक नाही, ते शरीरशास्त्र आहे.

उपायही त्यातूनच निघतो. केस विंचरताना आईंना टेबलापुढे बसवा, कोपर टेबलावर टेकू द्या आणि डोकं हाताकडे झुकवू द्या. कपड्यांची दोरी छातीच्या उंचीला बांधा. रोजचे डबे खालच्या फळीवर आणा. अंघोळीला स्टूल ठेवा. हात उचलायची वेळ आलीच, तर तो श्वास सोडता सोडता उचलायचा. हे जमू लागलं की फिजिओथेरपिस्ट बाईंना हातांच्या ताकदीचे व्यायाम विचारा. पायांच्या व्यायामासोबत त्यांचंही महत्त्व अशा रुग्णांत असतं, पण घरी ते बहुतेकदा राहून जातात.

मामांचं काय करायचं ते आता. कपालभातीत पोटाला झटके देऊन श्वास जोरात बाहेर टाकतात. शंका साधी आहे, की हवा अडकलीय तर जोर लावून बाहेर का काढू नये? अडचण अशी, की जोर लावला की दाब फुफ्फुसातल्या हवेवर पडतो तसाच तो बारीक श्वासनलिकांवर बाहेरूनही पडतो. निरोगी फुफ्फुसात भोवतालचा लवचीक ऊतक त्या नलिकांना उघडं धरून ठेवतो. आईंच्या फुफ्फुसात तो आधार कमी झालाय, त्यामुळे जितका जोर तितक्या नलिका चिमटल्या जातात. एका मर्यादेनंतर जोर दुप्पट केला तरी बाहेर येणारी हवा वाढत नाही, फक्त मेहनत वाढते. आईंच्या पोटाचे स्नायू श्वास सोडताना कडक होत असतील तर तेही याच निष्फळ जोराचं लक्षण आहे. पोटावर हात ठेवून तेही पाहून घ्या.

वेगाचाही हिशेब करू. मिनिटाला १५ श्वास असतील तर एका श्वासाला चार सेकंद मिळतात. आत घ्यायला साधारण सव्वा सेकंद गेला तर सोडायला पावणेतीन सेकंद उरतात. मिनिटाला ३० झाले तर एका श्वासाला दोनच सेकंद, आणि सोडायला जेमतेम सव्वा सेकंद. अरुंद नळीतून तेवढ्यात हवा निघत नाही. शिल्लक वाढते, छाती आणखी फुगते, श्वासपटल आणखी सपाट होतं, मान आणखी राबते, घाबरून श्वास आणखी जलद होतो. धाप लागलेल्या माणसाला ‘जोरजोरात श्वास घे’ सांगणाऱ्यांनी हे चक्र लक्षात घ्यावं.

आईंना हवं ते याच्या बरोबर उलट. नाकाने मनात दोन मोजेपर्यंत श्वास घ्यायचा, मग शिट्टी वाजवताना करतो तसे ओठ करून चार मोजेपर्यंत सोडायचा. जोर मुळीच नाही, समोर दिव्याची ज्योत असेल तर ती हलावी पण विझू नये इतपत. ओठांच्या अडथळ्यामुळे आत थोडा मागचा दाब टिकून राहतो आणि नलिका लवकर मिटत नाहीत. सराव बरं वाटत असताना करायचा, म्हणजे धाप लागल्यावर तो आठवतो. मामांना पटवायचं असेल तर हे प्राणायामातल्या दीर्घ रेचकाच्या जवळचं आहे असं सांगा, ते खोटंही नाही.

राहिला ऑक्सिमीटर. तो रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण दाखवतो. ते राखायला किती कष्ट पडतायत ते दाखवत नाही, आणि साठत चाललेला कार्बन डायऑक्साइडही दाखवत नाही. आईंचे ९३ हे मानेच्या कमाईचे ९३ आहेत. स्नायू थकेपर्यंत आकडा टिकून राहू शकतो, म्हणून आकडा पडायची वाट बघणं म्हणजे उशीर करणं.

गेल्या हिवाळ्यातली एक गोष्ट सांगते, म्हणजे कधी घाबरायचं ते नीट ध्यानात येईल. आईंच्याच वयाच्या, तसाच आजार असलेल्या एक काकू. एरवी त्यांचा श्वास मिनिटाला २० च्या आसपास, मान बसल्या जागी थोडी चालायची, पण भाजीवाल्याशी घासाघीस करताना वाक्य तुटायचं नाही. सर्दी झाली. दुसऱ्या दिवशी कफ पिवळा झाला, श्वास २६ वर गेला, बोलताना तीन-चार शब्दांनी थांबायला लागलं. रात्री आडवं होता येईना, उशा रचून बसून राहिल्या. मुलाने ऑक्सिमीटर लावला, ९१. ‘९० च्या वर आहे’ म्हणून सकाळी बघू असं ठरलं. मध्यरात्री श्वास ३४, मान प्रत्येक श्वासाला ताणलेली, बोलणं एकेका शब्दावर, आणि सुनेने पाहिलं की श्वास घेताना छाती वर जातेय आणि पोट मात्र आत जातंय. पहाटे पाचच्या सुमाराला काकू शांत झाल्या. मान स्थिर, श्वास १६, डोळा लागलेला. घरच्यांनी सुटकेचा निश्वास टाकला, पांघरूण घातलं. सातला चहासाठी हाक मारली तर डोळे उघडून परत मिटले.

त्या झोपल्या नव्हत्या. राखीव गडी थकून बसले होते आणि रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून गुंगी आली होती. रुग्णालयात आणल्यावर तोंड-नाक झाकणाऱ्या मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन, बायपॅप, लावावं लागलं. ते मशीन करतं काय, तर मान आणि श्वासपटलाचं काम काही तास आपल्या अंगावर घेतं आणि त्यांना विश्रांती देतं. काकू सावरल्या, घरी गेल्या. पण निघायची खरी वेळ पहाटेची नव्हती, आदल्या संध्याकाळची होती, वाक्य तुटू लागलं आणि श्वास २६ झाला तेव्हाची.

त्यातून तुमच्यासाठी जे निघतं ते असं. आईंचा ‘बरा दिवस’ आधी टिपून ठेवा. त्या आरामात असताना नाडी बघतोय असं भासवून मनगट धरा आणि पूर्ण एक मिनिट छाती किती वेळा वर येते ते मोजा. श्वास मोजतोय असं सांगितलं तर श्वास बदलतो. मान किती चालते, आणि एका श्वासात त्या मोठ्याने किती आकडे म्हणू शकतात, हेही वहीत लिहा. नंतर जी तुलना करायची ती पुस्तकातल्या आकड्याशी नाही, या वहीशी. श्वास पाच-सहाने वाढला, मान जास्त चालू लागली, वाक्य तुटू लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे, रात्र असली तरी. श्वास ३० च्या पुढे, एकेक शब्दावर बोलणं, पोट उलटं आत जाणं, ओठ निळसर होणं, आडवंच होता न येणं, यांपैकी काहीही दिसलं तर घरचे उपाय बंद करून सरळ १०८ ला फोन. आणि धाप लागलेली असताना पेंग येऊ लागली, बोलणं असंबद्ध झालं, तर मान शांत असली तरी तेच करा. मान शांत झाली आणि सोबत त्या चहा मागतायत, गप्पा मारतायत, तर बरं वाटतंय. मान शांत झाली आणि माणूस हाकेला ओ देत नाही, तर स्नायू हरलेत.

एक सावधगिरी. कोविडच्या काळात घेतलेलं ऑक्सिजनचं मशीन बऱ्याच घरांत पडून आहे. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ते लावून आकडा ९८ पर्यंत न्यायच्या मागे लागू नका. ज्या सीओपीडी रुग्णांत कार्बन डायऑक्साइड साठायची प्रवृत्ती असते, त्यांत जादा ऑक्सिजनने तो आणखी वाढतो. अशांना ऑक्सिजन देताना आम्हीही ८८ ते ९२ च्या दरम्यानच थांबतो. गाडी येईपर्यंत आईंना पुढे टेकून बसवा. उशी ठेवून टेबलावर कोपर रोवू द्या, गळ्याशी आवळणारं काही असेल ते सैल करा, खिडकी उघडा, आणि लगेच धाप कमी करणारा जो पंप डॉक्टरांनी दिलाय तो स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावून द्या.

पंपावरून आठवलं, तुमच्या पत्रातली मला सगळ्यात खटकलेली गोष्ट तीच. ‘लागेल तसा’ घ्यायचा पंप वेगळा आणि रोज नेमाने घ्यायचा वेगळा. रोजचा पंप श्वासनलिका थोड्या उघड्या ठेवतो, हवा साठणं कमी करतो आणि त्यामुळे श्वासपटलाला परत वाव मिळतो. मानेचा भार हलका करायचा रोजचा रस्ता हाच आहे. तो दिलेला असेल, तर आई बरं वाटलं की तोच सोडून देत असणार. बहुतेकजण तेच करतात, कारण त्याने लगेच काही जाणवत नाही. पुढच्या भेटीला घरात असतील ते सगळे पंप पिशवीत घालून घेऊन जा आणि डॉक्टरांपुढे आईंना घेऊन दाखवायला सांगा. बऱ्याचदा औषध जिभेवरच बसतं. दोन वर्षांपूर्वी निदान करताना नळीत जोराने फुंकायला लावून स्पायरोमेट्री केली होती का तेही विचारा. केली नसेल तर आता करून घ्या, केली असेल तर ताजी करून जुन्याशी ताडून पाहता येईल. सोबत मोबाइलवर आईंच्या मानेचा आणि पोटाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून न्या, एक बऱ्या दिवसाचा आणि एक वाईट दिवसाचा. तपासणीच्या खोलीपर्यंत येऊन दहा मिनिटं बाकावर बसलेल्या बाईची मान घरी दिसते तशी दिसत नाही.

आणखी एक. वजन किती आहे आणि वर्षभरात किती उतरलंय ते बघून ठेवा. चोवीस तास राबणारे स्नायू खातातही भरपूर, आणि अशा बायकांना जेवतानाच धाप लागते म्हणून त्या अर्ध्या भाकरीवर उठतात. पोट गच्च भरलं की श्वासपटलाला खाली सरकायला जागा उरत नाही. दोन मोठ्या जेवणांऐवजी चार-पाच वेळा थोडं थोडं द्या, त्यात दूध, अंडं, डाळ, शेंगदाण्याचं कूट जास्त. जेवायच्या आधी अर्धा तास विसावा, आणि जेवताना कोपर टेबलावर.